पावणेतीन लाखांचं पॅकेज आणि हातात साडेसोळा हजार: पगाराची स्लिप ओळीने वाचताना

मी विट्याची. बी.कॉम. झाल्यावर गावातल्याच एका कापड दुकानात हिशेब बघायचे. तिथे पगार म्हणजे महिन्याच्या एक तारखेला शेठकडून मिळणारं पाकीट. आत जेवढ्या नोटा, तेवढा पगार. १६ जून २०२५ ला मी चाकणजवळच्या, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात स्टोअर्सला रुजू झाले. नेमणूकपत्रावर वार्षिक सीटीसी २,७६,९६० रुपये लिहिलं होतं. आत्याने लगेच बाराने भागून पाहिलं आणि आमच्या अख्ख्या गल्लीत 'पोरीला तेवीस हजार पगार' अशी बातमी गेली.

चाकणला तिघींत मिळून खोली घेतली. माझ्या वाटणीचं भाडं ३,५००, शिवाय मेसचे पैसे. तेवीस हजारांच्या हिशेबाने मी मम्मीला महिना आठ हजार पाठवते म्हटलं होतं. ७ जुलैला पहिला पगार जमा झाला, ८,१३८ रुपये. अर्धाच महिना भरला होता हे खरं, पण तेवीसचे अर्धे साडेअकरा होतात. मधले तीन हजारांहून जास्त रुपये कुठे गेले, हे शोधायला मी बसले आणि पुढचे सात-आठ महिने प्रत्येक स्लिप अशीच वाचत गेले. आमच्याकडे आता नवीन मुली लागल्या आहेत, त्या हेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळं एकदा लिहून ठेवते. शेवटी सरावाला थोडी गणितं दिली आहेत.

स्लिप ई-मेलवर पीडीएफ म्हणून येते. उघडायला पासवर्ड लागतो आणि तो कसा बनवायचा ते त्याच मेलच्या खालच्या ओळीत असतं. आल्या आल्या ती स्वतःच्या फोनमध्ये किंवा खासगी मेलवर ठेवून द्या, कारण नोकरी सुटली की कंपनीचा मेल बंद होतो. पुढे बँकेत कर्जाला गेलं की मागच्या तीन महिन्यांच्या स्लिपा हमखास मागतात.

पहिल्यांदा बघताना नजर सरळ खालच्या आकड्यावर जाते. वाचायला मात्र वरच्या चौकटीपासून सुरुवात करावी. तिथे नाव, कर्मचारी क्रमांक, बँक खातं, पीएफचा बारा अंकी यूएएन, ईएसआयचा क्रमांक आणि 'पगारी दिवस' असतात. माझे पगारी दिवस होते ३० पैकी १५. खाली डावीकडे कमाई आणि उजवीकडे कपात. कमाईच्या बाजूला दोन रकाने होते. एकात पूर्ण महिन्याचा ठरलेला दर, दुसऱ्यात त्या महिन्यात प्रत्यक्ष मिळालेली रक्कम. माझा ठरलेला दर असा होता:

मूळ वेतन १०,०००
महागाई भत्ता २,५००
घरभाडे भत्ता ५,०००
विशेष भत्ता १,५००
एकूण, म्हणजे ग्रॉस, १९,०००

इथेच पहिला उलगडा झाला. तेवीस हजार हा आकडा स्लिपवर कुठेच नव्हता. कंपनी दर महिन्याला माझ्या नावावर जो पगार मांडते तो १९,००० आहे, आणि पंधरा दिवसांचे त्याचे अर्धे ९,५००. उरलेला फरक नेमणूकपत्रात शोधायचा होता, त्याकडे नंतर येते.

जूनच्या कपातीत पाच ओळी होत्या. पीएफ ८४०, ईएसआय ७२, व्यवसाय कर १७५, कामगार कल्याण निधी २५ आणि कॅन्टीन २५०. बेरीज १,३६२. ९,५०० मधून वजा केले की ८,१३८. बेरीज-वजाबाकी जुळली, पण एवढ्याने काही सिद्ध होत नाही. सॉफ्टवेअरची बेरीज चुकत नाही. चूक असलीच तर ती प्रत्येक ओळ ज्या नियमाने येते त्या नियमात, किंवा आपल्याबद्दल भरलेल्या माहितीत असते. म्हणून मी एकेका ओळीचा नियम हुडकायला लागले.

पीएफ १२ टक्के, हे ऐकून माहीत होतं. कशाचे १२ टक्के, हा प्रश्न. ९,५०० चे १२ टक्के १,१४० होतात, नुसत्या मूळ वेतनाच्या ५,००० चे ६००. ८४० कुठेच बसेना. मग उलटं भागून पाहिलं. ८४० भागिले ०.१२ म्हणजे ७,०००. हे सात हजार म्हणजे मूळ ५,०००, महागाई १,२५० आणि विशेष भत्ता ७५०. थोडक्यात, घरभाडं सोडून सगळं. नंतर पगारविभागाच्या मॅडमनी सांगितलं, की सगळ्यांना सरसकट मिळणारा विशेष भत्ता पीएफमधून वगळता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा तसा निकाल आहे. उलटं भागायची ही युक्ती लक्षात ठेवा. स्लिपवर टक्का लिहिलेला नसतो, पण कपात आणि टक्का माहीत असला की आधार रक्कम काढता येते.

ईएसआय सोपं आहे. कामगाराकडून ०.७५ टक्के, तेही घरभाड्यासकट पूर्ण ग्रॉसवर. ९,५०० वर ७१.२५ येतात आणि पैसे नेहमी वरच्या रुपयात धरतात, म्हणून ७२. ज्यांचा महिन्याचा पगार २१,००० पर्यंत आहे त्यांनाच हे लागू होतं. कामगार कल्याण निधीचे २५ रुपये वर्षातून दोनदाच, जून आणि डिसेंबरच्या पगारातून जातात. कंपनी त्यात स्वतःचे ७५ घालते. १६ तारखेला लागूनही माझे पूर्ण २५ गेले, कारण ३० जूनला हजेरीपटावर नाव असलं की झालं, त्याला अर्धा महिना नसतो.

राहिला व्यवसाय कर. १७५ हा कुठलाच सरळ टक्का लागेना, म्हणून पुढच्या स्लिपची वाट बघितली.

७ ऑगस्टला जुलैची स्लिप आली. पूर्ण महिना, ग्रॉस १९,०००. पीएफ १४,००० चे १२ टक्के म्हणजे १,६८०. ईएसआय १४२.५०, म्हणून १४३. कॅन्टीन ५००. कल्याण निधी नाही. आणि व्यवसाय कर २००. हातात १६,४७७. पगार दुप्पट झाला, पीएफ बरोब्बर दुप्पट झाला, हा कर मात्र १७५ चा २०० झाला. म्हणजे हा टक्क्यावर चालत नाही, टप्प्यांवर चालतो. राज्याच्या जीएसटी विभागाच्या संकेतस्थळावर व्यवसाय कराचे दर मिळाले. महिना ७,५०० पर्यंत काही नाही, ७,५०१ ते १०,००० ला १७५, त्याच्या वर २००, आणि फेब्रुवारीत ३००. अकरा महिने दोनशे आणि एक महिना तीनशे मिळून २,५००. घटनेनेच या कराला वर्षाला २,५०० ची कमाल मर्यादा घातलेली आहे, म्हणून फेब्रुवारीत हे शंभर जास्त.

जूनचे ९,५०० आणि जुलैचे १९,००० दोन्ही या टप्प्यांत चपखल बसले. पण त्याच तक्त्यात खाली आणखी एक ओळ होती. १ एप्रिल २०२३ पासून महिलांना महिना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही. वर दिलेले टप्पे पुरुषांचे आहेत.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत आमच्या शिफ्टच्या दादांना स्लिप दाखवली. ते म्हणाले, "अगं, पीटी सगळ्यांचाच कापतात. दोनशे रुपयांसाठी कुठं ऑफिसच्या पायऱ्या झिजवतेस?" खोलीवरच्या मैत्रिणीने मात्र तिची स्लिप काढली. ती दुसऱ्या कंपनीत, पगार साधारण माझ्याएवढाच, आणि तिच्या स्लिपवर ती ओळच नव्हती. दोन स्लिपा शेजारी ठेवून बघण्याइतका भरवशाचा पडताळा दुसरा नाही. लोक पगार लपवतात, त्यामुळे ते सहसा जमत नाही, एवढंच.

११ ऑगस्टला पगारविभागाला मेल केला. तक्रारीचा सूर न लावता तीन वाक्यं लिहिली: "जून व जुलै २०२५ च्या स्लिपमध्ये माझा व्यवसाय कर अनुक्रमे १७५ व २०० रुपये कापला आहे. १ एप्रिल २०२३ पासून राज्यात मासिक २५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या महिलांना हा कर लागत नाही. कृपया तपासून कळवावे." दोन्ही स्लिपा जोडल्या. आठवडाभर उत्तर नाही. मग १८ तारखेला शिफ्ट संपल्यावर स्वतःच गेले. मॅडमनी संगणकावर माझी नोंद उघडली, दोनदा खाली-वर केली आणि हसल्या. "तुला आम्ही पुरुष करून टाकलंय की." भरती करताना कुणीतरी लिंगाच्या रकान्यात चुकीचा पर्याय निवडला होता. बाकी सगळं गणित त्या एका अक्षरावर बरोबर चाललं होतं.

मॅडमनी दोन गोष्टी सांगितल्या त्या उपयोगाच्या आहेत. एक, प्रत्येक कंपनीत महिन्याचा पगार पक्का करायची एक तारीख असते, आमच्याकडे २४. त्याआधी दुरुस्ती पोचली तर त्याच महिन्यात येते, नाहीतर पुढच्या. दोन, मागचे पैसे परत मिळतात ते स्वतंत्र ओळ होऊन. ऑगस्टच्या स्लिपमध्ये माझ्या कमाईच्या बाजूला 'पीटी परतावा ३७५' अशी ओळ आली आणि ग्रॉस १९,३७५ दिसायला लागला. हे आपलेच परत आलेले पैसे आहेत, पगार नव्हे, त्यामुळे त्यावर ईएसआय कापलेला नाही ना, हे बघितलं. ईएसआय १४३ च होता. हातात आले १७,०५२, म्हणजे नेहमीचे १६,६७७ अधिक ३७५.

त्याच धास्तीने पीएफची नोंदही तपासली. तिथे नाव, जन्मतारीख किंवा लिंग आधारशी जुळलं नाही तर पुढे पैसे काढताना अडतं. यूएएन सक्रिय करून सदस्य पोर्टलवर माझी माहिती पाहिली, तिथे सगळं बरोबर होतं.

पासबुक बघितल्यावर नवाच घोळ वाटला. जुलैच्या नोंदीत माझे १,६८० होते, ते ठीक. कंपनीच्या बाजूला मात्र फक्त ५१४. कंपनीही बारा टक्के भरते ना? शेजारच्या तिसऱ्या रकान्यात उत्तर होतं. पेन्शन १,१६६. कंपनीच्या बारा टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात, उरलेले पीएफमध्ये. ५१४ अधिक १,१६६ बरोबर १,६८०. पीएफ जमा करायची मुदत पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत असते आणि पासबुकात दिसायला त्याहून थोडे दिवस लागतात, त्यामुळे सात तारखेला पगार झाला आणि आठला पासबुकात काही दिसलं नाही, तर घाबरू नका. दोन-दोन महिने काहीच आलं नाही, तर मात्र विचारा. स्लिपवर कपात दिसते म्हणजे पैसे भरले गेलेच, असं नाही. भरल्याचा पुरावा पासबुकच.

आता ते तेवीस हजार. नेमणूकपत्राच्या शेवटच्या पानावर सीटीसीचा तक्ता होता, तो मी महिन्यावर आणून मांडला. ग्रॉस १९,०००. त्यावर कंपनीचा पीएफ १,६८०, पीएफचा प्रशासकीय खर्च आणि विमा मिळून १४०. कंपनीचं ईएसआय ३.२५ टक्क्यांनी ६१८. बोनस ८.३३ टक्क्यांनी, मूळ आणि महागाईच्या १२,५०० वर, १,०४१. ग्रॅच्युइटी ६०१. सगळं मिळून २३,०८०. बाराने गुणलं की बरोबर २,७६,९६०.

म्हणजे सीटीसी हा कंपनीला मी किती रुपयांना पडते त्याचा आकडा आहे. त्यातले ४,०८० रुपये स्लिपच्या कमाईत येतच नाहीत. ते माझ्या हिताचे नाहीत असंही नाही. कंपनीचा पीएफ माझ्याच खात्यात आहे. पण बोनस वर्षातून एकदा, तोही संपलेल्या आर्थिक वर्षाचा. २०२५ च्या दिवाळीत बाकीच्यांना बोनस मिळाला तो मार्च २०२५ पर्यंतच्या कामाचा, त्यामुळे माझ्या हातात काही पडलं नाही. ग्रॅच्युइटी तर माझ्यासारख्या कायम कामगाराला साधारणपणे पाच वर्षं भरल्याशिवाय मिळत नाही. माझं वैयक्तिक मत विचाराल तर भरतीच्या वेळी सीटीसी सांगणाऱ्याने त्याच दमात हातात येणारी रक्कमही सांगायला हवी. सांगत नाहीत. म्हणून मुलाखतीत एकच प्रश्न विचारावा, "पूर्ण महिना भरला की खात्यात किती जमा होतील?" घरी मी तेव्हापासून १६,६७७ हाच आकडा सांगते. मम्मीला आठऐवजी पाच हजार जातात.

गौरींना मी गावी गेले. आवाहन ३१ ऑगस्टला, पूजन १ सप्टेंबरला. सप्टेंबरच्या पहिल्या तीन दिवसांची रजा झाली आणि खात्यावर रजा शिल्लक नव्हती, म्हणून ती बिनपगारी. सप्टेंबरच्या स्लिपवर पगारी दिवस २७. आमच्याकडे महिन्याच्या दिवसांनी भागतात, त्यामुळे प्रत्येक ओळ ३० पैकी २७ ने, म्हणजे ०.९ ने कमी झाली. मूळ ९,०००, महागाई २,२५०, घरभाडं ४,५००, विशेष १,३५०, ग्रॉस १७,१००. पीएफ १२,६०० चा १,५१२, ईएसआय १२९, कॅन्टीन मात्र ठरावीक ५००. हातात १४,९५९. रजेने ग्रॉस १,९०० ने घटला, पण हातातले १,७१८ च कमी झाले, कारण पीएफ १६८ ने आणि ईएसआय १४ ने उतरलं. रजा घेण्याआधी तिची किंमत अशी काढून ठेवता येते.

नोव्हेंबरमध्ये, २१ तारखेपासून, चार कामगार संहिता लागू झाल्या. आमच्याकडे सगळे विचारत होते, आता पगार कमी होणार का. त्यातला स्लिपशी संबंधित भाग असा, की घरभाड्यासारखे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर निम्म्यावरचा भाग वेतनातच धरायचा. माझ्या स्लिपमध्ये वगळलेलं म्हणजे फक्त घरभाडं, १९,००० मध्ये ५,०००. त्यामुळे माझ्या आकड्यांत काही हललं नाही. ज्यांचं मूळ वेतन मुद्दाम बारीक ठेवून भत्ते फुगवलेले आहेत, त्यांनी मात्र आपली स्लिप परत वाचायला हवी.

डिसेंबरमध्ये कल्याण निधीचे २५ पुन्हा गेले. १६ डिसेंबरला सहा महिने झाले आणि जानेवारीपासून पगार वाढल्याचं सांगितलं. मूळ ११,५००, महागाई २,५००, घरभाडं ५,५००, विशेष २,०००, ग्रॉस २१,५००. पण पत्र उशिरा निघालं, त्यामुळे जानेवारीचा पगार जुन्याच दराने झाला आणि वाढीचे २,५०० फेब्रुवारीच्या स्लिपमध्ये थकबाकी म्हणून आले. ७ मार्च २०२६ ला ती स्लिप मिळाली. मला सगळ्यात जास्त वेळ हिनेच घेतला.

पीएफची आधार रक्कम आता ११,५०० अधिक २,५०० अधिक २,०००, म्हणजे १६,०००. बारा टक्के १,९२० होतात आणि स्लिपवर नेमके १,९२० च होते. मी बरोबर म्हणून पुढे जाणार, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "थांब, तो योगायोग आहे." पीएफ कायद्यात वेतनाची मर्यादा १५,००० आहे आणि आमची कंपनी त्या मर्यादेपर्यंतच पीएफ कापते. म्हणून फेब्रुवारीचे १,८००. उरलेले १२० हे जानेवारीचे. तेव्हा १,६८० कापले होते, नव्या दराने १,८०० व्हायला हवे होते. माझी खात्री पटली ती मार्चचा अंदाज मांडून पाहिल्यावर. १,९२० हा दर महिन्याचा आकडा असता, तर थकबाकीवरची कपात कुठेच दिसली नसती.

ईएसआयचंही तसंच. ग्रॉस २१,००० च्या वर गेला, मग ती ओळ जायला हवी होती ना? नाही. ईएसआयचं वर्ष दोन भागांत असतं, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. भागाच्या मध्ये पगार मर्यादेबाहेर गेला तरी तो भाग संपेपर्यंत कपात चालू राहते, तीही वाढलेल्या पूर्ण पगारावर. फेब्रुवारीत थकबाकी धरून २४,००० वर १८० गेले. कॅन्टीन ५००. हातात आले २१,४००. व्यवसाय कर अर्थात नाही. २४,००० अजून पंचवीसच्या आत आहेत. आमच्या दादांचे मात्र फेब्रुवारीचे तीनशे गेले.

मार्चच्या पगारात थकबाकी नसणार, त्यामुळे हातात २१,५०० वजा १,८००, १६२ आणि ५००, म्हणजे १९,०३८ यायला हवेत. फेब्रुवारीपेक्षा २,३६२ कमी. हे आधी मांडून ठेवलं नाही, तर 'वाढ देऊन परत काढून घेतली' असं वाटतं. आमच्या लाइनवर दोघी-तिघी तसं म्हणतही होत्या. एप्रिलपासून ईएसआयची ओळ गेली, की १९,२००.

आयकराचा रकाना माझ्या स्लिपवर रिकामाच आहे. २०२५-२६ मध्ये नव्या कररचनेत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर बसत नाही, तेव्हा आमच्यासारख्यांना त्या ओळीची काळजी नाही.

सरावासाठी

कागद-पेन घेऊन सोडवा, उत्तरं खाली आहेत. सगळीकडे महाराष्ट्र, पीएफ १५,००० च्या मर्यादेपर्यंत, घरभाडं सोडून बाकी सगळ्यावर.

१. माझाच जुना १९,००० चा दर, पण कामगार पुरुष आहे आणि महिना फेब्रुवारी २०२६. पूर्ण हजेरी, कॅन्टीन ५००. हातात किती?

२. एक ताई नवीन लागल्या. मूळ आणि महागाई मिळून १४,०००, घरभाडं ८,०००, विशेष भत्ता ४,०००. डिसेंबरचा पूर्ण पगार. कॅन्टीन नाही. हातात किती?

३. ग्रॉस १९,०००, ऑक्टोबर महिना, एक दिवस बिनपगारी. कंपनी ३१ ने भागते, ३० ने की २६ ने, यावर ग्रॉसमधून किती जाईल ते तिन्ही प्रकारे काढा.

४. पगार २०,५०० होता, १ ऑगस्टपासून २१,६०० झाला. ऑगस्टमध्ये ईएसआय किती जाईल आणि कपात कधी थांबेल?

५. मैत्रिणीच्या पासबुकात तिचे १,८००, कंपनीचे ५५० आणि पेन्शनचे १,२५० दिसतात. तिचं पीएफला धरलेलं वेतन किती? आणि तिचा पगार किती?

उत्तरं

पहिल्यात पीएफ १,६८०, ईएसआय १४३, व्यवसाय कर फेब्रुवारी म्हणून ३००, कॅन्टीन ५००. कपात २,६२३, हातात १६,३७७. कल्याण निधी लावला असेल तर महिना पुन्हा बघा.

दुसऱ्यात ग्रॉस २६,०००. पीएफची आधार रक्कम १८,००० येते, पण मर्यादेमुळे १,८००. लागल्यापासूनच पगार २१,००० च्या वर, म्हणून ईएसआय नाही. ग्रॉस पंचवीसच्या वर, म्हणून महिला असूनही व्यवसाय कर २००. डिसेंबर आहे, म्हणून कल्याण निधी २५. हातात २३,९७५.

तिसऱ्यात ३१ ने ६१३, ३० ने ६३३, २६ ने ७३१, पैसे जवळच्या रुपयात धरून. एकाच रजेची किंमत अशी ११८ रुपयांनी बदलते. २६ ने भागणाऱ्या ठिकाणी सुट्टीचे दिवस भागाकारात धरलेले नसतात. आपल्याकडे कोणता आकडा वापरतात ते स्लिपवर लिहिलेलं नसलं, तरी मूळ वेतनाचा ठरलेला दर आणि मिळालेली रक्कम यांच्या फरकाला बिनपगारी दिवसांनी भागा. येईल तो दिवसाचा दर. ठरलेल्या दराला त्याने भागलं की ३१, ३० किंवा २६ बाहेर पडतो.

चौथ्यात २१,६०० चे ०.७५ टक्के बरोबर १६२. कपात सप्टेंबरच्या पगारापर्यंत चालेल आणि ऑक्टोबरपासून थांबेल.

पाचव्यात १,८०० भागिले ०.१२ म्हणजे १५,०००. पेन्शनचे १,२५० हेही १५,००० चे ८.३३ टक्के. पण पगार किती ते यावरून सांगता येत नाही. पंधरा हजारांच्या पुढे कितीही असला, तरी मर्यादेपर्यंतच कापणाऱ्या कंपनीत पासबुक असंच दिसतं. त्यासाठी तिची स्लिपच मागावी लागेल.